पंच्याहत्तर फ्रेम आणि एक अंतरपाट

नागपूरहून पूर्वेकडे निघालं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. या वाटेनं विदर्भातली कितीतरी मराठी माणसं पोलाद कारखान्यात कामाला गेली आणि तिथलीच झाली. सोव्हिएत मदतीनं उभ्या राहिलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झालं. सेक्टरांमधल्या क्वार्टरांत मराठी घराशेजारी तेलुगू घर, त्यापलीकडे बंगाली, समोर मल्याळी किंवा पंजाबी, आणि आसपासच्या गावांतली छत्तीसगढी कुटुंबं तर मूळचीच. अशा गावात लग्नाचे फोटो काढणाऱ्याचं काम वेगळं असतं. एकाच हंगामात त्याला पाच तऱ्हांची लग्नं टिपावी लागतात, आणि पुढच्या हंगामाची गिऱ्हाइकं मिळवायला या पाचही तऱ्हांच्या लोकांना एकच छोटी फिल्म दाखवावी लागते.

धंद्यात या फिल्मला शोरील म्हणतात. तिची लांबी आज बहुतेकदा तीस सेकंदांच्या आत असते. पूर्वी लग्नाची व्हिडिओ कॅसेट तीन तासांची असायची आणि ती पाहुण्यांना बसवून दाखवली जायची. आता मुलीची आई भाजी निवडताना फोनवर स्टेटस बघते आणि तेवढ्यात फोटोग्राफरबद्दल तिचं अर्धं मत होऊन जातं.

तीसचा हा आकडा फोनमधून आला. व्हॉट्सअॅपनं २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेटस आणलं तेव्हा एका व्हिडिओला तीस सेकंदांची मर्यादा होती. टाळेबंदीच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये, भारतात ती पंधरावर आली, नंतर परत तीस झाली आणि २०२४ मध्ये मिनिटभर. इन्स्टाग्रामचे रील्स भारतात जुलै २०२० मध्ये आले ते पंधरा सेकंदांचे होते. त्याच वर्षी सप्टेंबरात ते तीसचे झाले आणि पुढे वाढतच गेले. मर्यादा सैल झाल्या तरी लग्नाच्या धंद्यानं तीसची सवय सोडली नाही. माझ्या मते ते बरोबरच आहे. ओळखीच्या माणसाचं लग्न आपण दहा मिनिटं बघतो. अनोळखी माणसाचं लग्न अर्ध्या मिनिटापुढे बघवत नाही.

आता असं धरू, की सुपेल्यातल्या एका स्टुडिओला दिवाळीनंतर, देवउठनी एकादशीपासून हंगाम सुरू होण्याआधी, असं शोरील काढायचं आहे. हाताशी गेल्या वर्षीची वीसेक लग्नं आहेत. पहिला मोह एकच होतो, वीस लग्नांतला सगळा उत्तम माल एकत्र ओतायचा. घोड्यावरचा नवरा, ड्रोनवरून दिसणारा मंडप, धुराच्या फवाऱ्यातली एन्ट्री, वरमाला, फटाके, अर्ध्या सेकंदाला एक दृश्य आणि खाली धडधडणारा ताल. असं शोरील मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही दृश्य आठवलेलं नाही. धुराची मशीन भिलाईत जी, तीच रायपुरात, तीच नागपुरात. बघणाऱ्याला स्टुडिओची शैली कळत नाही, मंडप-डेकोरेशनवाल्याची मात्र कळते.

शैली म्हणजे स्टुडिओ काय बघायचं ठरवतो ते. आणि भिलाईसारख्या गावात ते ठरवायला एक सुरेख जागा आहे. मराठी लग्नात मंगलाष्टकं संपता संपता अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांना बघतात. तेलुगू लग्नातही दोघांमध्ये पडदा धरतात, त्याला अड्डुतेरा म्हणतात. मुहूर्ताच्या क्षणी पडद्याआडूनच दोघं एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गुळाचा लेप ठेवतात आणि मग पडदा सरतो. बंगाली लग्नात नवरी दोन विड्याच्या पानांनी चेहरा झाकून येते, पानं खाली घेते, नजरानजर होते, तिला शुभदृष्टी म्हणतात. तीन भाषा, तीन पुरोहित, आणि क्षण एकच: झाकलेलं उघडतं आणि दोन माणसं बघतात. ज्या स्टुडिओनं हा क्षण तिन्ही लग्नांत नीट पकडला आहे, त्याच्याकडे दाखवायला खरोखर काही आहे. सेक्टरातली मराठी काकू तो बघून म्हणेल, याला आपलं लग्न कळतं. शेजारची तेलुगू बाईही तेच म्हणेल.

म्हणून आपलं शोरील असं बांधू. एकूण लांबी अठ्ठावीस सेकंद, म्हणजे तीसच्या मर्यादेत दोन सेकंद मोकळे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ७०० फ्रेम. पहिले तीन सेकंद, ७५ फ्रेम, फक्त अंतरपाटाला. पुढचे पाच सेकंद तेलुगू पडदा आणि बंगाली पानं यांत वाटून. मग दहा सेकंदांत दोन-दोन सेकंदांची पाच दृश्यं. त्यांत बघणाऱ्यांकडे बघायचं: अक्षता मुठीत तशाच राहिलेला बाप, डोळे पुसणारी आत्या, छत्तीसगढी लग्नात टिकावनाच्या वेळी नवरा-नवरीच्या कपाळाला तांदूळ लावणारी थरथरती म्हातारी बोटं, हिरवा चुडा, आणि कुणाचं तरी मोकळं हसू. त्यानंतर सहा सेकंद पॅकेज, चार सेकंद नाव, गाव आणि फोन नंबर.

दोन सेकंदांच्या खाली मी जात नाही. चेहरा ओळखायला, त्यावरचा भाव वाचायला तेवढा वेळ लागतोच. त्याहून लवकर तोडलं की चेहरे नुसते जातात, माणसं दिसत नाहीत.

कागदावर तीन सेकंद ही सोपी गोष्ट वाटते. लग्नात अंतरपाट दूर व्हायला जेमतेम दीड सेकंद लागतो, आणि तो परत धरून दाखवा असं भटजींना सांगता येत नाही. दीड सेकंदाचे तीन करायचे तर सेकंदाला ५० फ्रेम टिपाव्या लागतात आणि २५ च्या वेगानं दाखवाव्या लागतात. २५ नं टिपलेलं दृश्य कॉम्प्युटरवर ताणलं, तर मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरला कल्पनेनं भराव्या लागतात आणि पडद्याची कडा, बांगड्या, बोटं वितळल्यासारखी दिसतात. हे शोरील कापताना सुधारत नाही. ते लग्नाच्या दिवशी, मुहूर्ताच्या पाच मिनिटं आधी कॅमेऱ्याच्या मेनूत ठरलेलं असतं.

तिथेच शटरचाही प्रश्न आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर हे चढउतार प्रत्येक फ्रेममध्ये सारखे येतात. १/६० किंवा १/१२५ ठेवलं तर मंडपाचा उजेड धडधडताना दिसतो किंवा चित्रात आडवे पट्टे सरकतात. स्वस्त एलईडी दिवे कधी कधी कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. अशा वेळी मंडपात आधी जाऊन दहा सेकंदांचा नमुना टिपून बघणं एवढाच उपाय उरतो.

यापेक्षा मोठी अडचण आडव्या-उभ्याची आहे. लग्नाची पूर्ण फिल्म टीव्हीसाठी आडवी टिपतात. शोरील फोनसाठी उभं लागतं, नऊ गुणिले सोळाचं. फोर-के चित्र ३८४० गुणिले २१६० असतं. त्यातून पूर्ण उंचीचं उभं चित्र कापलं, तर रुंदी उरते १२१५, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आता अंतरपाटाचं दृश्य डोळ्यांपुढे आणा. डावीकडे वर, उजवीकडे वधू, मधे कापड. बाजूनं टिपलेल्या या चित्रातून उभा तुकडा काढला की एकतर नुसता वर मिळतो, नाहीतर नुसती वधू, आणि अगदी मधला काढला तर नुसतं स्वस्तिक काढलेलं कापड. हे दृश्य उभ्या चौकटीत बसवायचं असेल तर एक कॅमेरा वराच्या खांद्यामागे, जरा वरून, वधूच्या चेहऱ्याकडे रोखलेला हवा. तिथून समोर वराचा खांदा आणि मुंडावळ्या, मधे कापडाची कडा आणि मागे तिचे डोळे, असं सगळं एकाखाली एक येतं. तिथे उभं राहायला मामाची परवानगी लागते, कारण ती जागा मामाची. ज्या स्टुडिओला मराठी लग्न ठाऊक आहे, तो हे आदल्या रात्रीच बोलून ठेवतो.

आवाजाचंही नियोजन लागतं. चित्र अर्ध्या वेगानं चाललं की त्याचा मूळ आवाज घोगरा होतो. म्हणून शेवटच्या मंगलाष्टकाचा आवाज वेगळा, खऱ्या वेगानं ठेवायचा, आणि पुरोहितांचं ‘सावधान’ नेमकं कापडाची कडा चेहऱ्यावरून सरकते त्या फ्रेमवर आणायचं. पुष्कळ लोक मात्र आवाज बंद ठेवून बघतात. त्यामुळे आवाजाशिवायही दृश्य कळायला हवं. कळतं की नाही ते तपासायचं असेल, तर फोन मुका करून घरातल्या कुणाला तरी दाखवावं आणि काय झालं ते विचारावं.

संगीताबद्दल या धंद्यात एक गैरसमज फार पसरलेला आहे. लग्नात गाणी वाजवायला परवानगी लागत नाही, मग रीलला का लागेल, असं म्हणतात. कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीला सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभही धरले आहेत, हे खरं. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर सूचना काढून ते पुन्हा स्पष्टही केलं. पण ती सूट समारंभात गाणं वाजवण्यापुरती आहे. तेच गाणं लावून स्टुडिओनं आपली जाहिरात केली तर तो समारंभ उरत नाही. इन्स्टाग्रामही धंद्याच्या खात्यांना गाजलेल्या गाण्यांचा साठा एरवीसारखा खुला ठेवत नाही, आणि गाणं वरून चिकटवलं तर आवाज बंद पडू शकतो. एखादी रचना रीतसर विकत घ्यावी. त्याहून चांगलं म्हणजे लग्नातलेच आवाज वापरावेत. सनई, नादस्वरम, बायकांचा उलूध्वनी, बांगड्यांचा आवाज. भिलाईचं शोरील भिलाईचं वाटायला हे आवाज पुरतात.

रंगांत माझा जीव जास्त अडकतो. आजकाल रंगसंस्करणाचे तयार साचे मिळतात, त्यांना लट म्हणतात. सगळ्यांत आवडता साचा सावल्यांना निळसर-हिरवट आणि त्वचेला नारिंगी करणारा आहे. समुद्रकाठच्या प्री-वेडिंगला तो शोभतो. मराठी नवरीवर लावला की हिरवा चुडा मोरपंखीकडे सरकतो, हळद केशरी होते आणि पैठणीचा मूळ रंग हरवतो. घरच्या माणसाला हा फरक सांगता येत नाही, पण खटकतो. आई म्हणते, फोटो छान आहेत, पण शालू असा नव्हता हो. शोरील बघताना एकदा बांगड्यांवर थांबवून बघा. चुडा चुड्याच्या रंगाचा दिसला तर समजा की रंग कुणीतरी डोळ्यांनी लावला आहे. दिसला नाही तर तो तयार साच्यातून आला आहे, आणि तुमच्या लग्नालाही तोच साचा लागणार आहे.

शेवटी फाइल फोनवरून जाते आणि वाटेत चुरडली जाते. व्हॉट्सअॅप व्हिडिओ लहान करतं. लहान करण्याची पद्धत अशी, की जे हलत नाही ते कमी माहितीत साठवायचं आणि जे हलतं त्यावर माहिती खर्च करायची. अक्षतांच्या वर्षावात शेकडो पांढरे ठिपके एकदम, वेगवेगळ्या दिशांनी हलतात. माहिती अपुरी पडते आणि चित्राचे चौकोन पडतात. कॉम्प्युटरवर देखणं असलेलं दृश्य फोनवर धान्याच्या चाळणीसारखं दिसतं. म्हणून अक्षता उडण्याच्या दृश्यापेक्षा अक्षता मुठीत धरलेला हात घेतलेला बरा. पाठवायच्या आधी फाइल एका जुन्या, स्वस्त फोनवर पाठवून बघावी. गिऱ्हाईक स्टुडिओच्या मॉनिटरवर बघणार नसतं.

आता पॅकेज. इथे बहुतेक शोरील कोसळतात. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे तीन रकाने, प्रत्येकात आठ-आठ ओळी, आणि पडद्यावर वेळ तीन सेकंद. कुणाच्याही बापाला ते वाचता येणार नाही. साधी कसोटी अशी की पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं एकदा पूर्ण वाचून व्हायला हवा. सहा सेकंदांत एवढंच बसतं: ‘दोन दिवस, चार जण. अल्बम ४० शीट. १,०६,२०० रुपये, करासह.’ हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. मूळ रक्कम ९०,००० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी १६,२००. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या लहान स्टुडिओला साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना कर आकारताही येत नाही. ज्याची नोंदणी आहे, त्यानं करासहचा आकडाच दाखवावा. ‘अधिक जीएसटी’ हे शब्द बारीक अक्षरांत टाकले की पहिल्या फोनवरच विश्वास जातो.

तीनपैकी एकच पॅकेज दाखवावं, मधलं, जे खरोखर सर्वांत जास्त घेतलं जातं ते. बाकीची फोन आल्यावर एका चित्रात पाठवता येतात. किंमत दाखवूच नये असं मानणारे अनेक जण आहेत. मला ते पटत नाही. किंमत लपवली की फोन जास्त येतात, पण त्यातले निम्मे नुसती किंमत विचारून बंद होतात, आणि हंगामात तो वेळ फोटोग्राफरकडे नसतो. सर्वांत वाईट म्हणजे ‘२५,००० पासून’ असं लिहायचं आणि त्या किमतीला कधीच काम घ्यायचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा आमिषाच्या जाहिरातीवर बंधन आहे. जाहीर केलेल्या किमतीला ती सेवा खरोखर मिळण्याची वाजवी शक्यता असली पाहिजे.

त्या तीन ओळींतला प्रत्येक शब्द पुढच्या भांडणाचं बी असतो. ‘चार जण’ म्हणजे कोण? धंद्यातली रूढ वाटणी अशी: एक पारंपरिक फोटो काढणारा, म्हणजे स्टेजवरचे, सगळ्या नातेवाइकांना रांगेत उभे करून काढायचे फोटो. एक पारंपरिक व्हिडिओवाला, जो विधी सलग टिपतो. एक कँडिड फोटोवाला आणि एक सिनेमॅटिकवाला. शोरीलमध्ये दिसतं ते सगळं शेवटच्या दोघांचं काम असतं. स्वस्त पॅकेजात नेमके हेच दोघं नसतात. म्हणून पॅकेजच्या ओळीआधी दाखवलेली सगळी दृश्यं त्याच पॅकेजमधल्या लोकांनी टिपलेली असावीत, असा माझा आग्रह आहे. ड्रोनची दृश्यं दाखवून ड्रोन नसलेलं पॅकेज विकलं की फसवणूक होते, मग भले कुणी तक्रार करो वा ना करो.

‘४० शीट’ हाही तसाच शब्द. करिज्मा अल्बममध्ये शीट म्हणजे उघडल्यावर समोर दिसणारी दोन पानांची पूर्ण रुंदी, साधारण ३६ इंच रुंद आणि १२ इंच उंच. ४० शीट म्हणजे ८० पानं. गिऱ्हाईक विचारतं, “दादा, शीट म्हणजे पानच ना?” आणि कुणी घाईत हो म्हणून गेलं की अल्बम येईपर्यंत दोन्ही बाजूंच्या मनात वेगवेगळा अल्बम असतो. अल्बमची मुदतही लग्नापासून मोजू नये. वधूवर फोटो निवडून देतात त्या दिवसापासून ती मोजावी. निवड चार-चार महिने रेंगाळते आणि बोल फोटोग्राफरला लागतो. हे सारं अठ्ठावीस सेकंदांत सांगता येणार नाही. पण शोरील बघून आलेल्या पहिल्या फोनवर पाच मिनिटांत सांगता येतं, आणि ते तिथेच सांगितलं पाहिजे.

राहिला प्रश्न ही दृश्यं कुणाची, याचा. बहुतेक फोटोग्राफर मानतात की कॅमेरा माझा, मेहनत माझी, म्हणून फोटोही माझे. कायद्याचं कलम १७ वेगळं सांगतं. कुणी मोबदला देऊन फोटो किंवा चित्रफीत करून घेतली, आणि दोघांत उलट काही ठरलं नसेल, तर तिचा पहिला मालक मोबदला देणारा असतो. म्हणजे अंतरपाटाच्या त्या पंच्याहत्तर फ्रेम स्टुडिओच्या नाहीत. ज्यांनी लग्नाचे पैसे दिले त्यांच्या आहेत. त्या जाहिरातीत वापरायला परवानगी लागते, आणि ती बुकिंगच्या कागदावर स्वतंत्र ओळीत, स्वतंत्र सहीनं घ्यावी. कशासाठी, कुठे, किती काळ, हे त्यात लिहावं. हळदीची दृश्यं, लहान मुलं, रडणारे चेहरे यांच्यासाठी पुन्हा विचारावं. कायद्यात बसतं ते सगळं माणसाला बरं वाटतंच असं नाही.

म्हणून आपल्या या शोरीलचं शेवटचं काम संपादनाच्या टेबलावर होत नाही. कापून झालेली फाइल ज्यांची दृश्यं घेतली त्या सगळ्या घरी पाठवायची आणि दोन दिवस थांबायचं. समजा मराठी घरून निरोप आला: “बाकी सगळं राहू द्या, पण आत्या डोळे पुसते तेवढं काढा. तिचं त्या वर्षी सारं वेगळं चाललं होतं.” दृश्य सुरेख आहे, उजेड सुरेख आहे, आणि ते जातं. पन्नास फ्रेम रिकाम्या झाल्या. त्यांच्या जागी त्याच लग्नातला मामा घ्यायचा, अंतरपाटाचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरून पुरोहितांच्या तोंडाकडे टक लावून उभा असलेला, आणि फाइल परत त्या घरी पाठवायची.